गावी ‘आला’ की गावी ‘गेला’? स्थलांतराच्या मराठी कथेचं विश्लेषण कसं करावं

गावाकडून शहराकडे गेलेल्या माणसाची कथा विश्लेषणाला दिली की बहुतेक उत्तरांत दोनच गोष्टी सापडतात. आधी कथेचा सारांश, मग ‘लेखकाने ग्रामीण जीवनाची वेदना प्रभावीपणे मांडली आहे’ असं एक वाक्य. हे वाक्य कुठल्याही ग्रामीण कथेला चिकटवता येतं, म्हणून या कथेबद्दल ते काहीच सांगत नाही. ही अडचण दूर करायची एक पद्धत इथे दिली आहे. कथा कुठे उभी राहून सांगितली जाते, हे आधी शोधायचं. तंत्र आणि आशय या दोन्हींची वाट तिथूनच निघते.

सरावासाठी एक छोटी कथा इथेच रचून घेतली आहे. तिचं नाव ‘मूठ’. लोटन मूळचा साक्री तालुक्यातला. सात वर्षांपासून तो सुरतेला यंत्रमागावर कामाला आहे आणि उधन्याला खोली घेऊन राहतो. श्रावणात कानबाई या खान्देशातल्या देवीच्या सणासाठी तो दोन दिवस गावी येतो. कथेतले तीन उतारे असे:

(अ) घाट चढून गाडी वर आली तशी लोटननं काच सरकवली. मक्याचा ओला वास आत शिरला. उद्या कानबाई, परवा विसर्जन, रात्रीची गाडी आणि मंगळवारी पुन्हा लूम. सात वर्षांत रजा कधी वाढली नव्हती. वाढवून तरी करायचं काय? माय म्हणेल, ऱ्हाय दोन दिन. म्हणू दे.

(आ) मायनं सूप पुढं ओढलं. एकेकाचं नाव घेत ती गव्हाची मूठ सुपात टाकू लागली. आप्पांची. थोरल्याची. धाकल्याची. हात थांबला.
‘कवय जास रे भाऊ?’
‘परवा रात्री. तुमच्याकडं सोमवारी गाडीला जागा मिळत नाही.’
माय काही बोलली नाही. लोटन सुपाकडं बघत राहिला. थोरला, धाकला. मधला तो. शेजारच्या अंगणात कानबाईची गाणी सुरू झाली होती.

(इ) उधन्याच्या खोलीवर आला तेव्हा सहा वाजत होते. आठच्या पाळीला वेळ होता. त्यानं पिशवी उपडी केली. कपड्यांत गाठ मारलेला एक फडका निघाला. गाठ सोडली. मूठभर गहू होते. खिडकीखालून लूमचा आवाज येत होता.

कथा इथे संपते.

आधी तीन वाचनं

पहिलं वाचन हातात पेन न घेता, एका बैठकीत. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाला समासात क्रमांक द्यायचा. हे काम किरकोळ वाटतं, पण पुढे लिहिताना ‘कथेत एके ठिकाणी’ असं मोघम लिहायची वेळ त्यामुळे येत नाही. तिसऱ्या वाचनात वहीच्या एका पानावर चार रकाने आखायचे: परिच्छेद क्रमांक, जागा, काळ आणि ‘कोणाच्या नजरेतून’. आठ-दहा पानांच्या कथेला एवढ्यासाठी साधारण दोन तास लागतात. चौथा रकाना भरताना अडखळायला झालं, तर तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. चांगल्या कथेतल्या महत्त्वाच्या जागा बहुधा याच प्रश्नचिन्हांपाशी असतात.

आणखी एक नोंद याच वेळी करायची, ती म्हणजे स्थलांतर कोणत्या प्रकारचं आहे. खान्देशातून माणसं अनेक वाटांनी बाहेर पडतात. ऊसतोडीला जाणारं कुटुंब पोराबाळांसह जातं आणि हंगाम संपला की परततं. सुरतेच्या मागावरचा माणूस वर्षातून एक-दोनदा येतो. पुण्याला शिकायला गेलेली मुलगी तिथेच नोकरी धरते. तिन्ही वाटा ‘गाव ते शहर’ याच असल्या तरी परतण्याचा अर्थ प्रत्येकीत वेगळा. ऊसतोडीच्या कथेत ‘परत येईल का’ हा प्रश्न सहसा नसतोच, तिथे ‘काय घेऊन परत येईल’ हा असतो. ‘मूठ’मधलं स्थलांतर दुसऱ्या प्रकारचं आहे: माणूस जातो, घर मागे राहतं, आणि सणाला हजेरी लागते.

‘येणे’ आणि ‘जाणे’ मोजा

मराठीत ‘लोटन गावी आला’ आणि ‘लोटन गावी गेला’ ही दोन्ही वाक्यं एकच घटना सांगतात. पण पहिल्यात सांगणारा गावात उभा असतो, दुसऱ्यात गावाबाहेर. स्थलांतराच्या कथेत याहून नेमकं मोजमाप दुसरं मिळणं अवघड. कथेतली ‘येणे’ आणि ‘जाणे’ची सगळी रूपं अधोरेखित करा. ‘इथं-तिथं’ आणि ‘इकडं-तिकडं’ यांचाही त्यात समावेश करा.

मोजताना निवेदन आणि संवाद वेगळे ठेवायला हवेत, कारण बोलताना मराठी माणूस ‘येणे’ ऐकणाऱ्याच्या जागेप्रमाणे फिरवतो. सुरतेहून फोनवर आईला ‘मी शनिवारी येतो’ म्हणणारा मुलगा सुरतेतच उभा असतो, पण वाक्य आईच्या अंगणातून बोलतो. संवादातली अशी क्रियापदं निवेदनाच्या खात्यात टाकली, तर निवेदक गावातला आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नवशिक्यांची मोजणी सर्वाधिक इथेच चुकते.

‘मूठ’मध्ये मोजून पाहू. (अ)मध्ये गाडी ‘वर आली’. ही गाडी सुरतेकडून कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीच्या बाजूला येते आहे, आणि निवेदन गाडीबरोबर आहे. (इ)मध्ये लोटन ‘उधन्याच्या खोलीवर आला’. ‘गेला’ असं लिहिलेलं नाही. म्हणजे निवेदक गावातही थांबत नाही आणि सुरतेतही ठाण मांडत नाही. तो लोटनच्या बरोबर प्रवास करतो, म्हणून लोटन जिथे पोचेल तिथे ‘येतो’. मायच्या तोंडी मात्र ‘कवय जास’ आहे, म्हणजे ‘कधी जातोस’. परत कधी येशील, असं ती विचारत नाही.

आता याच्या शेजारी नामं ठेवा. सुरतेतल्या जागेला कथा ‘खोली’ म्हणते, ‘घर’ म्हणत नाही. क्रियापदं दोन्ही जागांना सारखी वागणूक देतात, नामं देत नाहीत. या दोहोंतली विसंगती वहीत लिहून ठेवा, कारण आशयसूत्र पुढे इथूनच निघणार आहे.

‘आपण’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’

मराठीत ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर ‘आपण’, त्याला बाहेर ठेवायचं असेल तर ‘आम्ही’. प्रमाण हिंदीत ही सोय नाही, पण आपल्याला आहे आणि कथाकार ती वापरतात. गाव सोडून गेलेल्या माणसाच्या तोंडी ‘आपल्या गावात’, ‘आमच्या गावात’ आणि ‘तुमच्याकडं’ यांपैकी काय येतं, आणि ते कोणाशी बोलताना येतं, याची यादी करा. सुरतेतल्या सहकाऱ्याला ‘आमच्या गावात’ म्हणणं साहजिक आहे, कारण तो खरोखरच बाहेरचा. आईला तेच म्हटलं तर आई बाहेरची ठरते.

‘मूठ’मध्ये लोटन मायला ‘तुमच्याकडं सोमवारी गाडीला जागा मिळत नाही’ असं म्हणतो. ज्या गावात तो जन्मला ते एका शब्दात ‘तुमचं’ होतं. हा शब्द मुद्दाम टाकलेला नाही, तो सहज निसटला आहे. ज्या क्षणी मूठ थांबते त्याच क्षणी तो निसटतो. मायच्या हाताचा अर्थ लावायला निघालेला वाचक लोटनच्या तोंडचा हा शब्द सोडून देतो, आणि मग सगळा दोष मायवर ढकलतो. दोन्ही एकत्र वाचायला हवेत.

बोलीबद्दल थोडं

कथेत अहिराणी दिसली की ‘बोलीभाषेच्या वापराने वास्तवता आली’ असं लिहून मोकळं होऊ नका. बोली कोण बोलतं, कोणाशी बोलतं, आणि ती कुठे थांबते, हे नोंदवा. माय अहिराणीत विचारते आणि लोटन प्रमाण मराठीच्या जवळच्या भाषेत उत्तर देतो. यावरून ‘शहरात गेल्यामुळे त्याची बोली सुटली’ असं म्हणायचा मोह होतो. पण सुरतेत खान्देशी माणसांची दाट वस्ती आहे आणि तिथे अहिराणी रोज ऐकू येते. शिवाय (अ)मध्ये लोटनच्याच मनात ‘ऱ्हाय दोन दिन’ अहिराणीत उमटतं. म्हणजे बोली त्याच्यात शाबूत आहे. ती मायच्या तोंडच्या वाक्यासाठी राखलेली आहे आणि उत्तर देताना तो ती वापरत नाही. मुद्दा बोली हरवण्याचा नाही, तर ती न वापरण्याचा आहे.

एक सावधगिरी हवी. खान्देशातली प्रत्येक बोली अहिराणी नसते. रावेर-यावलकडची लेवा बोली वेगळी, आदिवासी पट्ट्यातल्या बोली आणखी वेगळ्या. ‘शे’, ‘मना’ अशी रूपं दिसली तर अहिराणी म्हणा. खात्री नसेल तर ‘बोलीतील संवाद’ एवढंच लिहा.

वाक्य कोणाचं, हे ठरवणं

तंत्राच्या भागातला हा सर्वांत नाजूक टप्पा आहे. ‘मूठ’ तृतीयपुरुषी निवेदनात आहे. पण ‘तृतीयपुरुषी, म्हणून सर्वज्ञ निवेदक’ असं लगेच लिहू नका. सर्वज्ञ निवेदक कोणाच्याही मनात शिरतो. इथे तो कोणाकोणाच्या मनात शिरला, ते तपासा.

(अ)मधली ‘वाढवून तरी करायचं काय? माय म्हणेल, ऱ्हाय दोन दिन. म्हणू दे’ ही वाक्यं घ्या. इथे ‘असं लोटनला वाटलं’ नाही, अवतरणचिन्हंही नाहीत. ही वाक्यं निवेदकाची की लोटनची? तपासायचं साधन सोपं आहे. वाक्याच्या पुढे ‘लोटन मनात म्हणाला’ हे शब्द लावून बघा. बाकी काही न बदलता वाक्य जसंच्या तसं चाललं, तर ते पात्राचं. ‘म्हणू दे’ अगदी सहज चालतं. आता ‘घाट चढून गाडी वर आली तशी लोटननं काच सरकवली’ या वाक्याला तेच लावा. चालत नाही, कारण माणूस मनात स्वतःला नावाने बोलत नाही. हे निवेदकाचं. ‘उद्या’ आणि ‘परवा’ हे शब्दही खूण सांगतात. निवेदकाचं स्वतःचं वाक्य असतं तर ‘दुसऱ्या दिवशी’ आलं असतं. पात्राचा विचार निवेदनाच्या कपड्यांत येण्याच्या या पद्धतीला समीक्षेत मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. नाव विसरलं तरी चालेल. पण कोणतं वाक्य कोणाचं आणि ते कशावरून ठरवलं, हे सांगता आलं पाहिजे.

हीच चाचणी (आ)ला लावली की कथेचं कुलूप उघडतं. ‘हात थांबला’ हे बाहेरून दिसणारं आहे. ‘थोरला, धाकला. मधला तो’ हा हिशोब लोटनच्या मनातला आहे. आणि मायच्या मनातलं एकही वाक्य पूर्ण कथेत नाही. तिचा हात दिसतो, आवाज ऐकू येतो, पण ती काय विचार करते ते कधीच कळत नाही. म्हणून ‘मायने लोटनला वगळले’ असं लिहिणं चूक आहे. कथा तसं म्हणत नाही. हात थांबला, तेवढ्यात प्रश्न आला, आणि पुढची मूठ पडली की नाही हे सांगण्याआधी परिच्छेद संपला. ‘लोटनला आपण वगळले गेलो असे वाटते, आणि वाचकाला तेवढेच दिसते’ असं लिहिलं तर ते बरोबर. निवेदकाची मर्यादा उत्तरात नोंदवली नाही, तर पात्राची शंका कथेचं सत्य म्हणून मांडली जाते. स्थलांतराच्या कथांमध्ये गावात मागे राहिलेल्या बाईवर असा अन्याय फार वेळा होतो. तिचं मन कथेत लिहिलेलं नसतं, म्हणून वाचक स्वतःचं तिथे भरतो.

काळ: ओळी मोजून

घडलेल्या काळाच्या शेजारी तो किती ओळींत सांगितला ते लिहा. ‘सात वर्षांत रजा कधी वाढली नव्हती’ या एका वाक्यात सात वर्षं. सुपात तीन मुठी पडायला मिनिटभर लागत असेल, त्याला एक अख्खा परिच्छेद आणि संवाद. आणि सुरतेला परतण्याचा रात्रभराचा प्रवास शून्य ओळींत: (आ) आणि (इ) यांच्या दरम्यान तो गाळलाच आहे. येतानाचा घाट दाखवला, जातानाचा नाही. गाळलेली जागा हीसुद्धा तंत्राची नोंद आहे. ‘फ्लॅशबॅकचा वापर केला आहे’ एवढंच लिहिण्यापेक्षा कथा कुठे रेंगाळली आणि कुठून पळाली, हे लिहिणं कितीतरी उपयोगी.

वस्तूचा माग

एखादी वस्तू कथेत दोनदा आली, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या जागी आली, तर तिचा माग काढा. इथे मूठभर गहू आहेत. त्यांचा अर्थ लावायला रीत ठाऊक हवी. कानबाईच्या रोटासाठी घरातल्यांच्या नावानं गहू मोजून घेतात, ते दळतात, आणि तो रोट भाऊबंदांनी मिळून खायचा असतो. तपशील गावागणिक बदलतात, म्हणून कथेत जेवढं आहे तेवढंच धरायचं. इथे नाव घेऊन मूठ टाकणं म्हणजे ‘हा आमच्यातला’ असं म्हणणं.

(आ)मध्ये लोटनच्या नावाची मूठ पडलेली दिसत नाही. (इ)मध्ये मूठभर गहू त्याच्या पिशवीत निघतात. यातून दोन वाचनं संभवतात. एक: मायनं त्याला मोजलं होतं, त्याचा वाटा त्याच्याबरोबर पाठवला. दुसरं: त्याचा वाटा रोटात गेला नाही. तो न दळलेला, एकट्याचा, घराबाहेर गेला. दोन्हींना मजकुरात आधार आहे. त्यांतलं एक निवडून दुसरं दडपायचं नाही. दोन्ही एकाच वेळी उभी राहतील अशी रचना कथेनं कशी केली, तेच दाखवायचं. ती रचना आपण आधीच पाहिली: मायचं मन बंद, परिच्छेद अर्ध्यावर तोडलेला, परतीचा प्रवास गाळलेला. पिशवीत गहू कधी ठेवले गेले ते दाखवणारी जागाच कथेत नाही.

‘गहू हे मातीचे प्रतीक’ असं लिहिलं की हे सगळं हातातून जातं. प्रतीक म्हणण्याआधी वस्तू वस्तू म्हणून काय करते, कोणाच्या हातातून कोणाकडे जाते, ते लिहावं.

आशयसूत्र कसं लिहायचं

विषय आणि आशयसूत्र वेगळे. ‘गाव ते शहर स्थलांतर’ हा विषय, तो शंभर कथांचा असू शकतो. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल ही एक कथा काय म्हणते. ते पूर्ण वाक्यात, क्रियापदासह लिहावं लागतं, आणि कोणीतरी ‘मला पटत नाही, हा परिच्छेद बघा’ असं म्हणू शकेल इतकं ठोस हवं.

पहिल्या प्रयत्नात बहुधा असं वाक्य उतरतं: ‘शहर माणसाला गावापासून तोडते.’ याला (इ)मधली पिशवी अडवते. तुटलं असतं तर गहू पोचले नसते. दुसरा प्रयत्न: ‘कितीही दूर गेले तरी मायेचे नाते टिकते.’ याला ‘तुमच्याकडं’ आणि थांबलेला हात अडवतात. तिसरा: ‘सणाला येणारा स्थलांतरित घरात मोजला जातो की नाही, हे त्याला घरात असताना कळत नाही, ते कळण्याची खूण सुरतेच्या खोलीवर मिळते, आणि तीही नि:संदिग्ध नसते.’ हे वाक्य लांब आहे, पण त्याला तिन्ही उतारे आधार देतात आणि एकही उतारा ते पाडत नाही. आपल्या प्रत्येक वाक्याला अडवणारा एक तरी परिच्छेद स्वतः शोधून पाहायचा. सापडला तर वाक्य बदलायचं, परिच्छेद लपवायचा नाही.

कथेत नसलेली कारणं बाहेरून आणू नका. लोटन का गेला, दुष्काळामुळे, कापसाच्या भावामुळे की शेताच्या वाटणीमुळे, हे ‘मूठ’ सांगत नाही. खान्देशाची खरी परिस्थिती ठाऊक असणं चांगलं, पण ती उत्तरात आणायची तर ‘कथा कारण सांगत नाही’ हे आधी नोंदवावं लागतं. तीन मुलगे असल्याचा उल्लेख आहे, म्हणून वाटणीचा तर्क करता येईल. तो तर्क म्हणूनच लिहायचा.

लिहिताना

पाचशे शब्दांचं उत्तर असेल तर सारांशाला साठ शब्द पुरे. सुरुवात आशयसूत्राच्या वाक्यानं करा, मग दोन किंवा तीन तंत्रांचे मुद्दे घ्या. सगळी निरीक्षणं कोंबायची नाहीत. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी एकामागे एक याव्यात: कथेतले नेमके शब्द, ते कोणत्या प्रकारची निवड आहेत, आणि त्या निवडीनं आशयाला काय झालं. तिसरी गोष्ट राहिली तर उत्तर तंत्रांची यादी बनतं. उद्धरण चार-पाच शब्दांचं असावं, अख्खा परिच्छेद उतरवला की त्यातला कोणता शब्द महत्त्वाचा ते दिसत नाही.

असा एक परिच्छेद नमुना म्हणून:

‘सुपात मुठी टाकण्याच्या प्रसंगात निवेदन मायच्या मनात शिरत नाही. “हात थांबला” ही फक्त बाहेरून दिसणारी कृती आहे, तर “थोरला, धाकला. मधला तो” हा हिशोब लोटनच्या मनातला आहे. त्यामुळे वगळले गेल्याची जाणीव लोटनची म्हणून वाचकापर्यंत येते. मायचा निर्णय म्हणून ती कथेत कुठेच नोंदलेली नाही. याच क्षणी लोटन गावाला “तुमच्याकडं” म्हणतो. अंतर कोणी आधी निर्माण केले हे कथा ठरवत नाही, आणि पिशवीतले गहू सापडल्यावरही तो प्रश्न मिटत नाही.’

कच्चा मसुदा झाला की ‘प्रभावी’, ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तववादी’ आणि ‘जिवंत चित्रण’ हे शब्द शोधून खोडा. प्रत्येक खोडलेल्या जागी कथेतला एखादा शब्द परिच्छेद क्रमांकासह बसतो का ते पाहा. बसत नसेल, तर ते अख्खं वाक्य काढून टाका.